दोन ओळींत पुरा विचार : मराठीत दोहा लिहिण्याची पद्धत

कबीर, रहीम आणि बिहारी यांचे दोहे ऐकत वाढलेल्या मराठी माणसाला कधीतरी आपल्या भाषेत तसे काही लिहावेसे वाटते. तो दोन ओळी लिहितो, त्यांचे यमकही जुळते, पण वाचून दाखवल्यावर ऐकणारा म्हणतो, ‘छान आहे, पण दोहा वाटत नाही.’ याची कारणे बहुतेक वेळा दोनच असतात. एक तर ओळींचे शेवट दोह्याच्या चालीत बसलेले नसतात, किंवा सांगायचे ते सगळे पहिल्या ओळीतच सांगून झालेले असते आणि दुसऱ्या ओळीला काही काम उरलेले नसते. या लेखात एकच दोहा गद्य वाक्यापासून शेवटच्या रूपापर्यंत नेऊन दाखवला आहे. वाटेत टाकून दिलेली रूपेही दिली आहेत, कारण ती का टाकली हे कळल्याशिवाय उरलेले रूप का टिकले हे कळत नाही.

१. हाताशी काय ठेवावे

- एक वही आणि पेन्सिल. खोडण्याऐवजी रेघ मारून खाली नवी ओळ लिहावी, म्हणजे टाकलेली रूपे डोळ्यांसमोर राहतात.
- शुद्धलेखनाचा भरवशाचा कोश. मात्रा ऱ्हस्व-दीर्घावर चालतात, त्यामुळे शब्द कसा लिहायचा याचा संशय असेल तर मोजणीच डळमळते.
- यमकांची स्वतःची यादी. ‘आंध’, ‘आर’, ‘ऊळ’ असे शेवट मथळ्यासारखे लिहून त्यांखाली आठवतील ते शब्द टिपत जावे.
- ऐकणारा एक माणूस, ज्याने आपला मसुदा आधी पाहिलेला नाही. त्याची गरज नवव्या पायरीवर लागते.

२. साचा

दोहा अपभ्रंश भाषेतून आलेला आहे आणि तो अक्षरांवर नव्हे, मात्रांवर चालतो. दोन ओळी, प्रत्येक ओळीत दोन चरण. पहिल्या आणि तिसऱ्या चरणात १३ मात्रा, दुसऱ्या आणि चौथ्या चरणात ११. प्रत्येक ओळीत १३ मात्रांनंतर थोडे थांबायचे, ती यती. यमक दुसऱ्या आणि चौथ्या चरणाच्या शेवटी.

एवढे बहुतेकांना ठाऊक असते. नवा लिहिणारा चुकतो तो चरणांच्या शेवटाशी. ११ मात्रांचा चरण गुरू आणि मग लघू अशा जोडीवर संपला पाहिजे : ‘हात’, ‘दार’, ‘गाव’, ‘बांध’. याउलट १३ मात्रांच्या चरणाचा शेवट लघू आणि मग गुरू असा हवा : ‘असे’, ‘उरे’, ‘शेवटी’, ‘लोंबते’. (तीन लघूंवर संपणारे विषम चरणही असतात, पण सुरुवातीला लघू-गुरूवरच हात बसवावा.) दोह्याची चाल या दोन शेवटांतून येते. १३ च्या टोकाला आवाज वर राहतो आणि पुढे काहीतरी आहे असे वाटते, तर ११ च्या टोकाला तो खाली येऊन बसतो. मात्रांची बेरीज बरोबर आणि शेवट चुकलेला असला, तर हिशेब जुळूनही ओळ म्हणता येत नाही.

आणखी एक बंधन आहे. १३ मात्रांच्या चरणाची सुरुवात लघू-गुरू-लघू अशा शब्दाने, म्हणजे जगणाने, करू नये. ‘जमीन’, ‘विचार’, ‘मनात’ हे सगळे असे शब्द आहेत. ‘जमीन सगळी वाटली’ या चरणात मात्रा नेमक्या १३ भरतात आणि शेवटही बरोबर आहे, तरी म्हणताना पहिल्याच पावलाला अडखळायला होते. ‘सगळी जमीन वाटली’ म्हणा, तेच शब्द सुरळीत चालतात.

गझलेकडून इकडे येणाऱ्यांसाठी एक फरक नोंदवतो. शेरातही दोनच ओळी असतात आणि विचार पुरा असतो, पण गझलेला रदीफ, म्हणजे दर शेराच्या शेवटी परतून येणारा तोच शब्द, असेल तर ओळीचा शेवटचा शब्द ऐकणाऱ्याला आधीच ठाऊक असतो आणि नवलाची जागा त्याच्या अलीकडे, काफियावर म्हणजे यमकावर येते. दोह्यात रदीफ नाही. त्यामुळे अगदी शेवटचा शब्द मोकळा असतो आणि धक्का तिथपर्यंत लांबवता येतो. पुढच्या सगळ्या पायऱ्या या एका सोयीभोवती रचल्या आहेत.

३. मात्रा मोजताना मराठीत अडणाऱ्या जागा

अ, इ, उ, ऋ यांची एक मात्रा आणि बाकी स्वरांच्या दोन, हे शाळेत शिकलेले आहे. अनुस्वाराचा उच्चार स्पष्ट असेल तर ते अक्षर गुरू. ‘बांध’मध्ये ‘बां’ दोन आणि ‘ध’ एक, मिळून तीन. आपण बोलताना ‘बांध्’ असे तोडून बोलतो, पण मोजताना शेवटच्या ‘ध’ची एक मात्रा धरायचीच. ती धरली नाही तर सम चरणाला लागणारा शेवटचा लघू मराठीत सापडणारच नाही.

जोडाक्षराच्या आधीचा ऱ्हस्व त्याच शब्दात असेल आणि त्यावर आघात येत असेल तर तो गुरू होतो. ‘किल्ली’ मधला ‘कि’ दोन मात्रांचा आहे. पण ‘तुम्ही’, ‘कुऱ्हाड’ यांसारख्या शब्दांत आधीच्या अक्षरावर आघात येत नाही, म्हणून ‘तु’ आणि ‘कु’ एकेकच राहतात. ‘तुम्ही’ तीन मात्रांचा शब्द आहे. संशय आला तर शब्द मोठ्याने म्हणावा आणि आधीच्या अक्षरावर जोर पडतो का ते ऐकावे. आघाताबद्दल दोन माणसांचे एकमत होणार नाही असा शब्द पहिल्या काही दोह्यांत न वापरलेला बरा.

मराठीत शेवटचे इकार-उकार दीर्घ लिहितात : पाणी, कवी, गुरू. त्यामुळे गुरूवर संपणारे शब्द आपल्याकडे भरपूर आणि लघूवर संपणारे त्या मानाने कमी. क्रियापदांचेही तेच आहे. ‘केले’, ‘गेली’, ‘आहे’, ‘होते’ यांपैकी एकही शब्द सम चरणाच्या टोकाला चालत नाही. गद्यात वाक्य क्रियापदावर संपवण्याची आपल्याला सवय असते आणि नेमकी तीच इथे सोडावी लागते. व्याकरण थोडी मदत करते, कारण ‘घरात’, ‘मागून’, ‘करून’, ‘येईल’ ही रूपे आपसूक गुरू-लघूवर संपतात. पण दोन्ही ओळी अशा रूपांवर संपवल्या, म्हणजे ‘घरात’ला ‘दारात’ जोडला, तर यमक प्रत्ययाचे होते आणि फिके पडते. दोन्हींपैकी एक तरी शब्द प्रत्ययाविना उभा असावा, आणि तो शेवटच्या ओळीत असावा.

शुद्धलेखनाच्या नियमांनीच कवितेत वृत्तासाठी ऱ्हस्व-दीर्घाची मोकळीक दिलेली आहे. ती आहे म्हणून लगेच घेऊ नये. एका दोह्यात अशी एक सवलत खपून जाते, दोन दिसल्या की वाचणाऱ्याचे लक्ष विचारावरून उडते.

४. विचार आधी गद्यात लिहा

मात्रांकडे वळण्याआधी जे सांगायचे आहे ते एका वाक्यात लिहावे. आपल्या उदाहरणाचे वाक्य असे :

‘दोन भाऊ वेगळे झाले, घराची वाटणी झाली, आणि आता दोघांत सामायिक म्हणून एकच वस्तू उरली आहे, ती म्हणजे दोघांना वेगळे करणारी भिंत.’

हे वाक्य दोह्याच्या कामाचे आहे, कारण त्यात दोन गोष्टी एकमेकींवर आदळतात. जे दोघांना तोडते तेच दोघांचे मिळून आहे. ‘भाऊबंदकी वाईट’ हा विचारही पुरा आहे, पण त्यात आदळण्यासारखे काही नाही; त्याचा उपदेश होईल, दोहा होणार नाही. ‘भिंतीवर शेवाळ चढले’ हे नुसते दृश्य आहे. पूर्ण दोह्यात बारा-चौदा शब्द मावतात, तेव्हा वाक्यात तिसरी गोष्ट शिरली असेल, म्हणजे भांडण का झाले, आई कोणाकडे राहिली, कोर्टात काय झाले, तर ती आत्ताच काढून टाकावी. त्या तपशिलाचा मोह होत असेल तर त्याचा वेगळा दोहा करावा.

गद्य वाक्यात मी शेवटी ‘भिंत’ ठेवली आहे. पहिल्याच वाक्यात आपसूक असे घडले तर उत्तम, नाहीतर वाक्य उलटसुलट करून नवलाचा शब्द टोकाला येतो का हे पाहावे. तो येतच नसेल तर विचारात वळण नाही असे समजावे.

५. शेवटचा शब्द ठरवा आणि त्याची यमके मोजा

नवे लिहिणारे पहिल्या ओळीपासून सुरुवात करतात आणि दुसऱ्या ओळीला यमक शोधत फिरतात. सापडलेले यमक मग विचाराला आपल्या मागे ओढत नेते. म्हणून उलटे करावे : शेवटचा शब्द पक्का करावा आणि यमक पहिल्या ओळीसाठी शोधावे.

‘भिंत’ हा शब्द मात्रांच्या दृष्टीने चोख आहे, गुरू आणि लघू. पण यमकांची यादी काढली तर हाती काही लागत नाही. ‘खंत’, ‘अंत’, ‘संत’ या शब्दांत शेवटचा ‘ंत’ जुळतो, त्याआधीचा स्वर जुळत नाही. ‘भिं’मध्ये इकार आहे आणि ‘खं’मध्ये अकार. दोह्यासारख्या छोट्या रचनेत एवढीच काय ती दोन शब्दांची जोडी असते, आणि ती अर्धवट जुळली तर कानाला लगेच कळते.

अशा वेळी दोन वाटा असतात : शब्द बदलणे किंवा जागा बदलणे. इथे जागा बदलली. घराऐवजी शेत घेतले, आणि भिंतीऐवजी ‘बांध’ आला. हा बदल यमकासाठी केला, पण त्यात विचाराचा फायदा झाला. घराची मधली भिंत एखाद्या भावाची असू शकते. दोन शेतांमधला बांध खरोखरच दोघांचा मानतात, ‘सामाईक बांध’ हा शब्दप्रयोग गावात रोजच्या बोलण्यात आहे, आणि नांगराने तो कोरला म्हणून सख्खे भाऊ तालुक्याच्या कचेरीत उभे राहतात. विचार जिथे नुसता चमत्कृतीचा होता तिथे तो आता व्यवहारातही खरा झाला.

‘बांध’ची यमके : सांध, मदांध, जन्मांध, क्रोधांध. थोडी आहेत, पण पुरेशी.

६. चौथा चरण, मग तिसरा

चौथ्या चरणात ११ मात्रा आणि शेवटी ‘बांध’, म्हणजे उरलेल्या आठ मात्रा भरायच्या आहेत. पहिला पर्याय :

उरला केवळ बांध

मात्रा ४, ४ आणि ३, सगळे जुळते. पण बांध दोघांना वेगळे करतो ही गोष्ट यात नाही, ती ऐकणाऱ्याने स्वतः आणायची आहे. शेती न केलेल्या माणसाला ती लगेच सुचेलच असे नाही. दुसरा पर्याय :

दोघांमधला बांध

‘दोघांमधला’च्या आठ मात्रा, ‘बांध’च्या तीन. इथे ‘मधला’ हा साधा शब्द वेगळे करण्याचे काम करून जातो आणि कोणाला तक्रार केल्यासारखे वाटत नाही. हाच ठेवला.

आता तिसरा चरण. त्याचे काम एकच आहे : ऐकणाऱ्याला चुकीच्या दिशेने थोडे पुढे नेणे. ‘सामायिक’ हा शब्द इथे आला पाहिजे, कारण तो ऐकताच माणूस काहीतरी चांगल्याची वाट पाहू लागतो. सामायिक विहीर, सामायिक ओटा, सामायिक देवघर.

सामायिक आता उरे

‘सामायिक’ सहा, ‘आता’ चार, ‘उरे’ तीन. एकूण १३, शेवट लघू-गुरू. इथे लेखनाची एक बारीक गोष्ट सांभाळावी लागली. हाच शब्द बहुतेक लोक ‘सामाईक’ असा लिहितात, आणि त्या रूपात दीर्घ ईमुळे सात मात्रा होतात, चरण १४ वर जातो. ‘सामायिक’ हेही रूप मराठीत चालते, त्यामुळे सवलत न घेता काम भागले. शब्दाची दोन मान्य रूपे असतील तर दोन्हींच्या मात्रा वहीत लिहून ठेवाव्यात. अडलेले चरण अनेकदा अशानेच सुटतात.

‘उरे’वर यती येते आणि आवाज वर राहतो. काय उरे, हा प्रश्न त्या क्षणभराच्या थांब्यात ऐकणाऱ्याच्या मनात तयार होतो. यती अशा प्रश्नावर पडली तर शेवटच्या शब्दाचे अर्धे काम तिनेच केलेले असते.

७. पहिली ओळ

दुसरी ओळ तयार असताना पहिली लिहिणे सोपे वाटते, पण सगळ्यात जास्त खोडाखोड इथेच होते. पहिल्या ओळीला तीन कामे एकदम करायची असतात. तिने विषय सांगायचा, यमकाचा शब्द आणायचा, आणि शेवटाचा सुगावा लागू द्यायचा नाही.

विषय म्हणजे भावांचा पूर्वीचा एकोपा. सहज सुचणारे वाक्य ‘एकजीव होते भाऊ’. मोजले तर १४ मात्रा, आणि शेवटी दोन गुरू. उलटून ‘भाऊ होते एकजीव’ केले तरी १४च, आणि टोकाला गुरू-लघू, जो सम चरणाचा शेवट आहे. ‘होते’ हे क्रियापद काढल्यावर वाट मोकळी झाली :

एकजीव भाऊ असे

सहा, चार, तीन. ‘असे’ म्हटले की ‘कसे?’ हा प्रश्न पुढे ढकलला जातो, म्हणून दुसरा चरण आपोआप मागितला जातो.

आता यमक. ‘मदांध’ घेतला तर भावांवर शेरा मारल्यासारखे होते आणि पुढे बिघडणार आहे हे कळून जाते. ‘जन्मांध’चा इथे संबंध नाही. ‘सांध’, म्हणजे दोन वस्तू जोडल्या तिथली फट, हा शब्द मात्र ‘एकजीव’ला लागूनच येतो, कारण एकजीव झालेल्या वस्तूत सांध दिसत नाही :

दिसे न कोठे सांध

तीन, एक, चार, तीन, ११. पहिल्यांदा ऐकताना हे निव्वळ कौतुक वाटते. दोहा पुरा ऐकून पुन्हा पहिल्या ओळीकडे आले की कळते, जिथे सांध दिसत नव्हती तिथेच बांध पडला आहे. शेवटचा शब्द अनपेक्षित असावा, पण उपरा नसावा. तो ऐकल्यावर पहिली ओळ मागे वळून पुन्हा वाचता आली पाहिजे. हे जमले नाही तर राहतो तो फक्त विनोद, आणि विनोद दुसऱ्यांदा ऐकवत नाही.

पूर्ण दोहा :

एकजीव भाऊ असे, दिसे न कोठे सांध ।
सामायिक आता उरे, दोघांमधला बांध ॥

८. नवल कुठे निसटते

पहिली आणि सर्वांत जास्त आढळणारी चूक क्रमाची. तेच साहित्य उलट क्रमाने मांडून पाहा :

शेत वाटले शेवटी, मधे घातला बांध ।
भाऊ होते एकदा, कुठे न दिसली सांध ॥

चारही चरण मोजून घ्या, मात्रा बरोबर आहेत, शेवट बरोबर आहेत, यमकही तेच. पण बांध पहिल्या ओळीतच घालून झाला. दुसरी ओळ मागे वळून हळहळते आणि ‘सामायिक’ या शब्दाला जागाच उरली नाही. घटना ज्या क्रमाने घडल्या तो क्रम दोह्याचा असेलच असे नाही. जे सगळ्यात उशिरा कळायला हवे ते सगळ्यात शेवटी, मग ते घडले केव्हाही असो.

दुसरी चूक उपदेशाची. पहिली ओळ चांगली सुचली आणि पुढे काय हे सुचेना की लेखणी आपोआप इकडे वळते :

एकजीव भाऊ असे, दिसे न कोठे सांध ।
लोभ मनाला ग्रासता, होतो जीव मदांध ॥

हीही वृत्तात आहे. पण दुसऱ्या ओळीतून भाऊ निघून गेले आणि त्यांच्या जागी ‘जीव’ आला. पहिल्या ओळीत दिसणारी माणसे दुसऱ्या ओळीत सर्वसामान्य झाली की समजावे, आपण बोध करू लागलो. जुन्या दोह्यांत नीतीचा उपदेश भरपूर आहे हे खरे, पण त्यांतलेही लोकांच्या तोंडी राहिले ते बहुधा एखाद्या वस्तूवर उभे असलेले.

तिसरी चूक कारण सांगण्याची. ही दाखवायला दुसरा दोहा घेतो. विषय आहे, शहरात राहणाऱ्याने जपून ठेवलेली गावच्या घराची किल्ली. पहिला खर्डा :

मुंबईत मी ठेवली, किल्ली जपून फार ।
गावी वाळवीस खुले, कुलपासह ते दार ॥

यात ‘वाळवी’ तिसऱ्या चरणातच येते आणि तिथेच सगळे कळून चुकते. चौथा चरण नुसता मात्रा भरतो. वाळवी शेवटी न्यावी म्हटले तर तो शब्द गुरूवर संपतो, सम चरणाच्या टोकाला बसतच नाही. मराठीतले कितीतरी नेमके शब्द या कारणासाठी शेवटच्या जागेला मुकतात. अशा वेळी शब्द मोडूनतोडून बसवण्यापेक्षा त्याची गरज आहे का हे आधी विचारावे. इथे गरज नव्हती. दार का गेले हे ऐकणाऱ्याला आपोआप समजते. शिवाय पहिल्या ओळीतले ‘मी’ आणि ‘फार’ हे भरतीचे होते. दुरुस्त रूप :

मुंबईत सांभाळली, किल्ली वर्षे चार ।
गावी कुलूप लोंबते, उरले नाही दार ॥

आता कुलूप लोंबताना दिसते, म्हणजे घर शाबूत असावे असे वाटते, आणि ‘दार’ हा शब्द अगदी शेवटी येऊन ते मोडतो. वाळवीचे नावही न घेता ती दोह्यात आहे.

९. तपासणी

आधी हाताने. मांडीवर ताल धरून ओळ म्हणावी, १३ नंतर थांबावे, ११ नंतर थोडे जास्त थांबावे. ज्या शब्दापाशी जीभ घाईला येते तिथे मात्रा जास्त आहे, आणि जिथे स्वर ताणावासा वाटतो तिथे कमी आहे. कागदावरची बेरीज बरोबर असूनही जीभ अडत असेल तर जिभेचे ऐकावे.

मग दुसऱ्या माणसाकडून. दोहा वाचून दाखवताना शेवटचा शब्द गाळावा आणि ‘दोघांमधला…’ इथे थांबून त्याला तो भरायला सांगावा. त्याने ताबडतोब ‘बांध’ म्हटले तर पहिल्या ओळीत किंवा तिसऱ्या चरणात काहीतरी फुटले आहे. तो ‘वाद’ किंवा ‘जिव्हाळा’ असे काही म्हणाला आणि खरा शब्द ऐकल्यावर क्षणभर गप्प राहिला, तर दोहा जमला आहे. खरा शब्द ऐकूनही त्याने ‘म्हणजे?’ असे विचारले तर धक्का आहे पण त्याची तयारी नाही, आणि दुरुस्ती बहुधा चौथ्या चरणाच्या पहिल्या अर्ध्यात करावी लागते. ‘केवळ’च्या जागी ‘मधला’ आला तो याच कारणासाठी. ही परीक्षा एका माणसावर एकदाच घेता येते, म्हणून दुरुस्तीनंतर दुसरा ऐकणारा शोधावा.

सगळ्यांत शेवटी, दोहा एकटा उभा राहतो का ते पाहावे. ‘हा अमुक प्रसंगावर लिहिला आहे’ असे आधी सांगावे लागत असेल तर विचार अजून ओळींच्या बाहेर आहे. दोन ओळींच्या स्वतंत्र रचनेची ही अट आपल्या मातीत फार जुनी आहे. महाराष्ट्री प्राकृतातल्या हाल राजाच्या गाथासंग्रहातली प्रत्येक गाथा अशीच मागचा-पुढचा आधार न घेता उभी राहते, जरी तिचे वृत्त दोह्याहून वेगळे आहे.

१०. लिहिणे आणि म्हणणे

दोहा दोन ओळींतच लिहावा, चार चरणांच्या चार ओळी करू नयेत. पहिल्या ओळीच्या शेवटी एक दंड, दुसरीच्या शेवटी दोन. यतीच्या जागी स्वल्पविराम दिला तर नव्या वाचकाला सोपे जाते. उद्गारचिन्ह टाळावे, कारण शेवटच्या शब्दापुढे ते दिसले की डोळा तिथे आधी पोहोचतो. त्याच कारणाने दोह्याला शीर्षक देऊ नये. ‘बांध’ असे शीर्षक दिले तर सातव्या पायरीवर लपवलेले सगळे वाचण्याआधीच उघडे पडते, आणि दुसरे कुठले शीर्षक दिले तर ते तेरावा शब्द होऊन बसते. एकापेक्षा जास्त दोहे एकत्र द्यायचे असतील तर नुसते क्रमांक द्यावेत, आणि एकाच यमकाचे दोन दोहे शेजारी ठेवू नयेत.

म्हणताना पहिली ओळ दोनदा म्हणण्याची पद्धत आहे आणि ती पाळावी. ‘सांध’ ऐकणाऱ्याच्या कानात पक्का बसतो. दुसरी ओळ मात्र एकदाच म्हणावी, ‘उरे’पाशी नेहमीइतकेच थांबावे आणि ‘बांध’वर वेगळा जोर देऊ नये.